रोज एक चमचा रक्त

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



काल याच मंचावर नाट्यगीतं झाली, उद्या पाककृती स्पर्धा आहे आणि मधल्या दिवशी तुम्ही मला जंतांवर बोलायला उभं केलं आहे. सचिवांना विषय सांगितला तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "बाई, व्याख्यानानंतर प्रसादाचं जेवण आहे, जरा बेतानं." मी बेतानं बोलेन. पण विषय बदलणार नाही, कारण आपल्यापैकी बहुतेकांचा तांदूळ अजून गावाकडून येतो. कुणाची शेती खानापूरकडे आहे, कुणाची चंदगडकडे. आपण दोन-तीन पिढ्या बेळगावात राहतो. शेतात राबणारी माणसं मात्र तिकडेच आहेत. मी आज सांगणार आहे ती गोष्ट तशाच एका घराची आहे. एका घरातली तीन माणसं, तिघांच्याही अंगात रक्त कमी. आणि त्यातल्या पहिल्या माणसाच्या बाबतीत मी स्वतः केलेली चूक.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या आधी खानापूर तालुक्यातली एक बाई माझ्या दवाखान्यात आली. वय चौतीस, वजन पंचेचाळीस किलो. दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जाणारी. भाताची रोप लावणी, भांगलण, कापणी, जे मिळेल ते काम. तक्रार अशी की घागर घेऊन चढ चढताना धाप लागते, संध्याकाळी पायांवर सूज येते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर आतला भाग कागदासारखा पांढरा. नखं मधे खोलगट झालेली, चमच्यासारखी. त्यावर पाण्याचा थेंब ठेवला तर तो ओघळणार नाही. आणि खोदून विचारल्यावर लाजत तिनं सांगितलं की सुपातले कच्चे तांदूळ सारखे तोंडात टाकावेसे वाटतात.

हिमोग्लोबिन निघालं ५.८. बाईचं १२ च्या वर असावं लागतं. रक्ताच्या तांबड्या पेशी आकारानं लहान आणि फिकट होत्या, म्हणजे लोहाची कमतरता. मी पाळीची चौकशी केली. महिन्याच्या महिन्याला, चार दिवस, फार नाही. जेवणाची चौकशी केली. भात, आमटी, कधी भाकरी, मासळी बाजाराच्या दिवशी. मी मनाशी म्हटलं, गरिबाघरची बाई, दोन बाळंतपणं, खाणं बेताचं, निदान झालं. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या, हेही सांगितलं.

तीन महिन्यांनी ती आली तेव्हा चेहरा उजळलेला होता. हिमोग्लोबिन १०.८. मी खूश, तीही खूश. आणखी गोळ्या दिल्या, त्या तिनं संपवल्या आणि कामाला लागली.

पुढच्या दिवाळीला ती पुन्हा दारात. हिमोग्लोबिन ६.२.

मी तिला रागावले. म्हटलं, "गोळ्या मधेच सोडल्यास ना?" ती म्हणाली, "खाल्ल्या की हो, बाई. खोटं कशाला बोलू?" आणि पिशवीतून दोऱ्यानं बांधलेला गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा गठ्ठा काढून तिनं माझ्या टेबलावर ठेवला. दिलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं होती. रिकामी पाकिटं दाखवली नाहीत तर डॉक्टर विश्वास ठेवत नाहीत, हे तिला आधीच्या कुठल्यातरी अनुभवावरून ठाऊक होतं. मंडळी, त्या गठ्ठ्याकडे बघून मला माझी लाज वाटली. आणि मग जो विचार मी वर्षापूर्वी करायला हवा होता, तो सुरू केला.

तो विचार साधा आहे. घागर भरत नाही, तर दोनच कारणं असतात. पाणी कमी येतंय, नाहीतर घागर गळतेय. लोहाचंही तसंच आहे. आपल्या शरीरात लोह बाहेर टाकण्याची वेगळी सोय नाही. कातडीच्या आणि आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर दिवसाला सुमारे १ मिलिग्रॅम जातं, तेवढंच. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की त्यातलं लोह शरीर पुन्हा वापरतं. एखादी काटकसरी गृहिणी डबे पुसून वापरते तसं. म्हणून मोठ्या माणसाचं लोह मोठ्या प्रमाणात कमी झालं, तर ते बहुधा रक्तावाटेच बाहेर गेलेलं असतं. बाईची पाळी जास्त नसेल, बाळंतपण नुकतं झालेलं नसेल, तर रक्त कुठून जातंय? दिसत तर नाही. मग न दिसणारी जागा राहते ती पोटाची. आतड्यातून दिवसाला चार-सहा मिलिलिटर रक्त गेलं तर शौचाचा रंगही बदलत नाही. काळं, डांबरासारखं चिकट शौच व्हायला साधारण ५० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्त एका वेळी जावं लागतं. तेवढं गेलं तर माणूस घाबरून धावत येतो. चमचाभर गेलेलं वर्षानुवर्षं कळत नाही.

आणि हे चमचाभर रक्त पिणारा जो प्राणी आपल्या भागात राहतो त्याचं नाव अंकुशकृमी. डॉक्टर लोक हूकवर्म म्हणतात. आपल्या घरात जंत म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो वीतभर लांब, गांडुळासारखा पांढरट जंत किंवा मुलांना रात्री खाज आणणारे सुतासारखे बारीक जंत. हे दोन्ही शौचात दिसतात, म्हणून आयांना ठाऊक असतात. पण ते रक्त पीत नाहीत. अंकुशकृमी रक्त पितो, आणि तो दिसत नाही. जेमतेम एक सेंटिमीटर लांब, दोऱ्याएवढा जाड, लहान आतड्याच्या अस्तराला तोंडानं घट्ट चिकटलेला. तो आपणहून शौचावाटे पडत नाही. म्हणून "आमच्या मुलाला जंत नाहीत, मी बघते ना" असं एखादी आई सांगते तेव्हा ती खरंच सांगत असते, पण त्याचा या कृमीशी संबंध नसतो. दात खाणं, गोड जास्त खाणं यांचाही नाही. गुळाच्या खड्यानं कुणाला जंत होत नाहीत.

याच्या दोन जाती माणसात राहतात. दक्षिण भारतात जास्त करून आढळणारी जात, नेकेटर, दिवसाला एका कृमीमागे साधारण ०.०३ मिलिलिटर रक्त घालवते. दुसरी, अँकिलोस्टोमा, त्याच्या पाचपट. ०.०३ म्हणजे थेंबही नाही. म्हणून दहा-वीस कृमी असले तर धडधाकट माणसाला कळतही नाही. पण दोनशे असले तर दिवसाला सहा मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा भरून. महिन्याला १८० मिलिलिटर. साधारण पाळीत तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जातं. म्हणजे आपल्या या बाईला दर महिन्याला एक पाळी दिसत होती आणि चार-पाच पाळ्यांएवढं रक्त न दिसता जात होतं. त्यातलं काही लोह खालचं आतडं परत शोषून घेतं, हे खरं. पण बाकीचं जातंच. कृमी रक्त गोठू नये म्हणून तोंडातून एक द्रव्य सोडतो आणि थोड्या थोड्या वेळानं जागाही बदलतो. सोडलेल्या जखमेतून आणखी थोडं रक्त झिरपत राहतं.

आता माझी चूक कुठे झाली ते बघा. गोळ्यांनी तिचं रक्त वाढलं, म्हणून मला वाटलं निदान बरोबर. पण हिशेब असा आहे. गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. लोहाची भूक लागलेलं आतडं त्यातलं सहा-आठ मिलिग्रॅम शोषतं. कृमी दिवसाला नेतात दीड-दोन मिलिग्रॅम. तेव्हा गोळ्या चालू असेपर्यंत भरणारी धार गळतीपेक्षा मोठी असते आणि घागर भरते. गोळ्या थांबल्या की जेवणातून दीड मिलिग्रॅमच्या आसपास येतं, आणि कृमी, पाळी, रोजची झीज मिळून तीन-सव्वातीन जातं. रोजचा तोटा पावणेदोन मिलिग्रॅमचा. पंचेचाळीस किलोच्या बाईचं हिमोग्लोबिन एकानं उतरायला सुमारे १०० मिलिग्रॅम लोह जावं लागतं, म्हणजे साधारण दोन महिने. फेब्रुवारीत १०.८ असलेलं दिवाळीपर्यंत ६.२ वर आलं, ते अगदी हिशेबानं आलं. ती खोटं बोलत नव्हती. तिचं रक्तच ते सांगत होतं. लोहाच्या गोळ्यांनी गुण आला याचा अर्थ लोह कमी होतं, इतकाच. ते का कमी होतं याचं उत्तर त्यात नसतं.

याच हिशेबात आणखी एक विचित्र गोष्ट दडलेली आहे. रक्त पातळ होत जातं तसं त्या चमच्यातलं लोहही कमी होत जातं. हिमोग्लोबिन १२ असताना त्या सहा मिलिलिटरमधे जेवढं लोह असतं, त्याच्या निम्मं ६ असताना असतं. म्हणून एका खालच्या पातळीवर येऊन तोटा थांबल्यासारखा होतो आणि माणूस चार-पाच हिमोग्लोबिनवर वर्षानुवर्षं शेतात काम करताना दिसतो. हळूहळू उतरल्यामुळे शरीर सवय करून घेतं. शहरातल्या एखाद्या डॉक्टरला तो आकडा बघून धडकी भरते आणि पेशंट मात्र म्हणतो, "तसं काही नाही, जरा दम लागतो." आळशी म्हणून ज्या मजुरांना आपण नावं ठेवतो, त्यांच्यातल्या काहींचं रक्त तपासून बघावं असं मला नेहमी वाटतं.

मग मी तिची शौच तपासणी करायला सांगितली. उत्तर आलं, "कृमींची अंडी आढळली नाहीत." इथेच पुष्कळ प्रकरणं संपतात. पण हा अहवाल कसा तयार होतो ते मला ठाऊक होतं. काडीच्या टोकावर येईल एवढा, दोन मिलिग्रॅमचा कण काचेवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पोत्यातल्या तांदळात खडे आहेत का हे चिमूटभर तांदूळ बघून ठरवण्यासारखं आहे हे. त्यात नमुना सकाळी सहाला घेतलेला, एस.टी.नं आणलेला आणि दुपारी दोनला पाहिलेला. उबेत अंडी तशीच राहत नाहीत, आतला जीव वाढायला लागतो. आणि जाड लेपाची काच करून ती ठेवून दिली, तर त्यातल्या ग्लिसरीननं याच कृमीची नाजूक अंडी तासाभरात विरघळल्यासारखी दिसेनाशी होतात. बघणाऱ्याचा दोष नसतो, बघेपर्यंत ती नाहीशी झालेली असतात.

म्हणून तिला दोन दिवस शहरातल्या नातेवाइकांकडे राहायला सांगितलं आणि तीन वेगवेगळ्या शौचाचे ताजे नमुने घेतले. मिठाच्या संपृक्त पाण्यात ते कालवले. मीठ आणखी विरघळणार नाही इतकं दाट पाणी असलं की ही अंडी हलकी असल्यामुळे वर तरंगतात. वरच्या पृष्ठभागावर काच टेकवली की ती काचेला चिकटून येतात. पहिल्याच काचेवर दिसली. लंबगोल, काचेसारखं पातळ पारदर्शक कवच, आत चार-आठ पेशींचा पुंजका आणि भोवती मोकळी जागा. एकदा बघितलं की विसरत नाही. अंडी मोजून अंदाज केला तर कृमी दोनशेच्या घरात.

तिला अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, एक गोळी रोज, सलग तीन दिवस दिली. एका गोळीनं बरेच कृमी मरतात, पण सगळे नाही, आणि भार जास्त असला तर तीन दिवसांनी फरक पडतो. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत हे औषध देत नाहीत, तेवढं विचारून घेतलं. इथे आणखी एक गैरसमज असतो. जंत मेले की रक्त आपोआप भरेल असं वाटतं. नाही भरत. गळती बुजवली, पण घागर रिकामीच आहे. तिच्या वजनाच्या बाईला ५.८ वरून १३ पर्यंत यायला आणि थोडा साठा व्हायला हजार-बाराशे मिलिग्रॅम लोह लागतं. ते जेवणातून भरायला वर्षं जातील. म्हणून कृमींचं औषध आणि लोह, दोन्ही. आणि हिमोग्लोबिन जागेवर आल्यावरही लोह आणखी तीन महिने, नाहीतर साठा कोरडाच राहतो. या वेळी मी तिला रिकामी पाकिटं आणू नकोस म्हणून सांगितलं.

आता दुसरं माणूस. तिचा नऊ वर्षांचा मुलगा. मीच त्याला घेऊन ये म्हटलं. शाळेत बाईंची तक्रार होती की वर्गात झोपतो. घरी आई त्याला मारत असे, कारण तो भिंतीची माती खरवडून खायचा. हिमोग्लोबिन ८.२. माती खाण्याबद्दल आपल्याकडे फार जुनी नोंद आहे. चरकसंहितेत पांडुरोगाचे पाच प्रकार दिले आहेत, त्यातला एक माती खाण्यानं होणारा. म्हणजे माती आणि पांडुरोग ही जोडी आपल्या वैद्यांनी फार पूर्वी पाहिली होती. आज आपल्याला कळतं की ही जोडी दोन्ही दिशांनी चालते. मातीतून काही जंतांची अंडी पोटात जातात हे खरं, पण पुष्कळदा आधी लोह कमी होतं आणि त्यामुळे माती, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ असलं काहीतरी खाण्याची ओढ लागते. लोह भरलं की ती ओढ कधी कधी आठ-पंधरा दिवसांतच जाते, रक्त वाढण्याच्याही आधी. या मुलाची गेली. मार खाऊन गेली नव्हती.

त्याला शाळेत दर फेब्रुवारीत जंतांची गोळी मिळत होती. राष्ट्रीय कृमीमुक्ती दिन २०१५ पासून चालू आहे, एक ते एकोणीस वर्षांच्या सगळ्या मुलांना गोळी देतात, आणि चांगलं काम आहे ते. मग त्याला कृमी कुठून आले? याचं उत्तर अंकुशकृमीच्या एका सवयीत आहे. वीतभर लांब जंत लहान मुलांत सर्वांत जास्त असतो आणि वय वाढेल तसा कमी होतो. अंकुशकृमीचं उलटं; त्याचा भार वयाबरोबर वाढत जातो आणि मोठ्या माणसांत टिकतो. नेकेटर पोटात तीन ते पाच वर्षं, कधी त्याहूनही जास्त जगतो. मादी दिवसाला हजारो अंडी घालते. म्हणजे शाळेत मुलाला गोळी मिळते, आणि घरातली आई, आजी, आजोबा, ज्यांना ती मिळत नाही, ते तीच जमीन पुन्हा पेरत राहतात. या घरात औषध एकट्या मुलाला देणं म्हणजे छपराचं एकच कौल बदलणं.

जमीन पेरत राहतात म्हणजे काय, ते सांगते. इथे मी बेतानं बोलते. अंडी शौचाबरोबर जमिनीवर पडतात. ऊब, ओल आणि सावली मिळाली की एक-दोन दिवसांत फुटतात, आणि आठवडाभरात त्यातून निघालेली अळी माणसाच्या कातडीत शिरण्याजोगी होते. ती तोंडावाटे जावी लागत नाही. हे कसं कळलं तोही किस्साच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कैरोमधे आर्थर लूस नावाचा जर्मन शास्त्रज्ञ या अळ्यांवर प्रयोग करत होता. त्याच्या हातावर अळ्या असलेलं पाणी चुकून सांडलं. काही मिनिटांत तिथे आग झाली, खाज सुटली. त्यानं पाण्याचा थेंब पुसून पाहिला तर अळ्या गायब, नुसती सोडलेली कातडी उरलेली. पुढे दोन-तीन महिन्यांनी त्याच्या स्वतःच्या शौचात अंकुशकृमीची अंडी सापडली. तोवर सगळे समजत होते की हा रोग घाणेरड्या पाण्यातून होतो.

कातडीतून अळी रक्तात जाते, रक्तातून फुप्फुसात, तिथून खोकल्याबरोबर घशात येते, गिळली जाते आणि आतड्यात जाऊन चिकटते. शिरते त्या जागी, बहुधा बोटांच्या बेचक्यात, दोन-चार दिवस खाज येते. आपल्याकडे पावसाळ्यात चिखल्या होतात म्हणून ती खाज कुणी मनावर घेत नाही. सगळीच खाज कृमीची नसते, पण काही असते.

मला आधी वाटायचं की भाताच्या चिखलात हे सगळं घडत असणार. तसं फारसं नाही. पाण्याखाली सतत बुडालेल्या जागेत ही अळी नीट वाढत नाही. तिला हवा लागते. तिला आवडते ती भुसभुशीत, ओलसर, सावलीतली माती. आणि अळी स्वतः फार लांब जात नाही. पडली त्या जागेपासून थोडीच सरकते. म्हणजे माणूसच तिच्याकडे जावा लागतो. मी त्या बाईला विचारलं, दिवसभर शेतात असता तेव्हा शौचाला कुठे जाता? घरी सरकारी योजनेतला संडास होता, वापरातही होता. पण शेत घरापासून दीड-दोन मैल. तिथे बायकांची ठरलेली जागा होती. बांधाच्या कडेला, काजूच्या झाडांखाली, आडोशाला. सगळ्या बायका तिथेच जायच्या, मुलंही आईमागून तिथेच. सावली, ओल, झडलेली पानं, आणि अनवाणी पाय, कारण चप्पल चिखलात रुतते म्हणून ती बांधावर काढून ठेवलेली. पावसाळ्याचे चार महिने, रोज त्याच जागी. बायकांना आडोसा देणारी जागाच कृमींना पोसत होती.

मला सभेत नेहमी कुणीतरी विचारतं, मग बूट का घालत नाहीत? कुणी भाताच्या खाचरात गमबूट घालून रोप लावून दाखवावं. बूट चिखलात राहतो आणि पाय बाहेर येतो. चप्पल घालून त्या काजूखाली जावं, हे जमण्यासारखं आहे आणि तेवढं आम्ही तिला सांगितलं. पण चपलेनंही अर्धंच काम होतं.

तिसरं माणूस म्हणजे तिचे सासरे, वय त्रेसष्ट. सगळ्या घराची तपासणी केली त्यात त्यांचं हिमोग्लोबिन ८.४ निघालं. लोह कमी. शौचात अंकुशकृमीची अंडीही सापडली. घरच्यांना वाटलं, सगळ्यांना तेच, याही म्हाताऱ्याला तेच. गोळी द्या आणि सोडा. मंडळी, इथे मला तुमचं लक्ष हवं आहे, कारण मघाची माझी चूक ही याच्या उलट बाजूची होती. पहिल्यांदा मी कृमी शोधले नाहीत. आता कृमी सापडले म्हणून पुढे शोधणं थांबवलं असतं, तर ते जास्त महागात पडलं असतं.

कारण मी अंडी मोजली होती. ती फार थोडी होती. अंदाजे वीस कृमी. वीस कृमी म्हणजे दिवसाला ०.६ मिलिलिटर, पुरुषाला, ज्याला पाळी नाही. एवढ्यानं ८.४ होत नाही. हिशेब जुळत नव्हता. म्हणजे आणखी कुठेतरी गळत होतं. ते गुडघ्यांसाठी बाजारातल्या दुखण्याच्या गोळ्या रोज घ्यायचे, आणि त्या गोळ्यांनी जठरात जखमा होऊन रक्त झिरपतं हे तर नेहमीचं. म्हणून आधी तोंडावाटे दुर्बीण घालून जठर बघितलं. थोडी लाली, बाकी काही नाही. घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मुलगा म्हणाला, "आता कशाला आणखी खर्च?" मीच हट्ट धरला की खालूनही दुर्बीण घालून मोठं आतडं बघायचं. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, उजव्या बाजूला, गाठ होती. कर्करोगाची. तिथे आतडं रुंद असतं, शौच पातळ असतं, म्हणून गाठ वाढली तरी बद्धकोष्ठ होत नाही, पोट दुखत नाही, रक्त डोळ्यांना दिसत नाही. पुष्कळदा पहिली खूण असते ती हीच, कारण न सापडणारा पांडुरोग. त्यांची शस्त्रक्रिया वेळेवर झाली. आजही ते भाताच्या मळणीला खुर्ची टाकून बसतात आणि सगळ्यांना सूचना करतात.

तेव्हा मोठ्या वयाच्या पुरुषाचं, किंवा पाळी थांबलेल्या बाईचं लोह कमी निघालं, तर मूळव्याध आहे, वय झालंय, शाकाहारी आहेत, असं म्हणून गप्प बसू नये. मूळव्याधीचं रक्त लाल आणि दिसणारं असतं, आणि मूळव्याध असलेल्या माणसाला दुसरं काही होऊच शकत नाही असा नियम नाही. दुर्बिणीच्या दोन्ही तपासण्या व्हायला हव्यात. लोहाच्या गोळ्या चालू असताना शौच काळपट हिरवं होतं, त्याला घाबरू नये. डांबरासारखं चकचकीत, चिकट आणि उग्र वासाचं झालं तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

त्या घराचं पुढे काय झालं तेही सांगते, कारण ते काही सरळ रेषेत झालं नाही. बाईचं हिमोग्लोबिन सहा महिन्यांत १२.१ झालं. मुलाचं ११.९. पण पुढच्या पावसाळ्यानंतर तिच्या शौचात पुन्हा अंडी दिसली. थोडी, पण होती. औषधानं पोटातले कृमी मरतात. मातीतल्या अळ्यांना ते कळत नाही. पुन्हा एक गोळी दिली. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच झालं असतं.

ते शेत बेळगावात राहणाऱ्या एका गृहस्थांचं होतं. ते माझे पेशंट निघाले. गृहस्थ आज इथे बसले आहेत, नाव सांगितलं तर उठून जातील. त्यांना मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवला, तुम्हाला दाखवला तसाच. त्यांनी पंपाच्या खोलीला लागून दोन खड्ड्यांचा संडास बांधला. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा आणि पहिला वर्षभर बंद ठेवायचा. बंद खड्ड्यातली अंडी जगत नाहीत. पाणी पंपाचंच. पहिल्या वर्षी बायका तिथे जाईनात, कारण दाराला कडी आतून नव्हती, बाहेरून होती. हे सुताराच्या लक्षात आलं नव्हतं आणि सांगायला बायकांना संकोच. ती कडी आतून बसवल्यावर काजूखालची वाट बंद झाली. गेल्या दोन पावसाळ्यांनंतर मी तिचे नमुने तपासले. तीन-तीन नमुने, ताजे, मिठाच्या पाण्यात. अंडी नव्हती.

प्रश्न असतील तर विचारा. जेवणानंतर विचारलेत तरी चालेल.